डोळ्यांत चिनी, तोंडात मराठी

चाकणच्या एका शेडमधल्या ऑफिसात आम्ही पाच जण बसलो होतो. मालक, मॅनेजरसाहेब, मेंटेनन्स सांभाळणारे काका, अकाउंट्सची एक मुलगी आणि मी. बाहेर प्लास्टिकचे सुटे भाग ओतणारी दोन चिनी मशिनं आठवडाभर बंद होती. टेबलावर पुरवठादाराकडून आलेलं पत्र होतं, पानभर, सगळं चिनीत, खाली गोल लाल शिक्का. मॅनेजरसाहेबांनी ते माझ्यापुढे सरकवलं. "मॅडम, जरा वाचून दाखवा. मराठीतच सांगा, म्हणजे काकांनाही कळेल."

वाचून दाखवा! पत्र गुजरातीत असतं तर या दोन शब्दांत काम आटोपलं असतं. इथे डोळ्यांनी एक भाषा आत घ्यायची, त्याच वेळी तोंडाने दुसरी बाहेर सोडायची, आणि ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की कागदावर मराठीच लिहिलेलं आहे. लेखी भाषांतर करणाऱ्याला वाक्य खोडता येतं. भाषण ऐकून सांगणाऱ्या दुभाष्याला निदान वक्ता श्वास घेतो तेवढी उसंत मिळते. कागद श्वास घेत नाही. तो समोर गप्प पडलेला असतो आणि चार माणसं तुमच्या तोंडाकडे बघत असतात.

चिनी दुभाषे या कामाला 'शृ-यी' म्हणतात. शृ म्हणजे पाहणं, यी म्हणजे भाषांतर. आपण 'पाहता-भाषांतर' म्हणू. हे काम फक्त कारखान्यांत चालतं असं नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत न्यायालयीन दुभाष्याच्या तोंडी परीक्षेत त्याचा वेगळा भाग असतो आणि मँडरिनवाल्यांनाही तो द्यावा लागतो. साधारण सव्वादोनशे शब्दांचा उतारा, चाळून बघण्याच्या वेळेसकट 6 मिनिटं. असे दोन उतारे असतात, एक इंग्रजीतून चिनीत आणि एक चिनीतून इंग्रजीत. संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात चिनी कक्षातले दुभाषे दोन्ही दिशांनी काम करतात, कारण बाकीच्या कक्षांत चिनी समजणारे फारसे नसतात. भाषणाचा छापील कागद ऐनवेळी हातात पडला की कान वक्त्याकडे, डोळे कागदावर आणि तोंड तिसरीकडे, अशी त्यांची कसरत सुरू होते.

दुभाष्यांच्या कामाचा अभ्यास करणारे फ्रेंच संशोधक दानिएल झील यांनी या कामातली एक खोच दाखवून दिली आहे. ऐकलेला शब्द हवेत विरतो, मागे उरतो तो अर्थ. कागदावरचा शब्द मात्र समोरून हलत नाही. म्हणून स्मरणशक्तीवरचा ताण कमी होतो, पण मूळ भाषेची वाक्यरचना डोळ्यांतून थेट तोंडात उतरण्याचा धोका वाढतो. नवशिके अडखळतात ते बहुतेक वेळा शब्द माहीत नसतो म्हणून नव्हे. चिनी वाक्य ज्या क्रमाने दिसतं त्याच क्रमाने ते बोलू लागतात आणि निम्म्या वाटेवर मराठी त्यांना पुढे जाऊ देत नाही.

हा क्रमाचा प्रश्न नीट समजला की बाकीचं सोपं आहे.

चिनीत 'मी पिणे चहा' असा क्रम असतो. क्रियापद मधे, कर्म नंतर. आपलं क्रियापद शेवटी. इंग्रजीत सांगणाऱ्याला इथे काही त्रास होत नाही, त्याचंही क्रियापद मधेच असतं. पण चिनीत आणखी एक गोष्ट आहे. नामाचं सगळं वर्णन नामाच्या आधी येतं आणि मधे 'त' असा एक छोटा प्रत्यय बसतो. 'आपली कंपनी गेल्या वर्षी जूनमध्ये विकत-घेणे-त मशीन.' इंग्रजीत सांगणाऱ्याचे हाल होतात ते इथे. त्याला मशीन आधी म्हणायचं असतं आणि मशीन तर अजून आलेलंच नसतं. आपण मात्र आरामात म्हणतो, 'तुमच्या कंपनीने गेल्या वर्षी जूनमध्ये विकत घेतलेलं मशीन'. शब्दाला शब्द, जसाच्या तसा क्रम. आपलं 'लेलं' आणि त्यांचा 'त' एकच काम करतात. मला चिनी शिकवणाऱ्या बाई इंग्रजीच्या आधाराने शिकवत असत. 'त' आला की वर्गात सगळे उलट्या उड्या मारायचे. मराठीचा आधार घेतला तर उडी मारायची गरजच नाही, हे माझं मला बरंच उशिरा कळलं.

म्हणजे चिनीतून मराठीत येताना 'त' हा मित्र आणि क्रियापद हा शत्रू. त्यातही थोडी सूट मिळते, कारण वेळ, ठिकाण आणि बहुतेकदा कारणही चिनीत क्रियापदाच्या आधीच येतं, अगदी आपल्यासारखं. अडचण येते क्रियापदानंतर लांबलचक कर्म असेल तेव्हा. त्या मशीनच्या माहितीपुस्तिकेत एक ओळ अशी होती: 'चालकाने तपासणे तेलाची पातळी, तेलाचं तापमान, पाण्याचा दाब, आणीबाणीचं बटण.' ते 'तपासणे' शेवटपर्यंत तोंडात धरून ठेवलं तर ऐकणारा यादी ऐकतो, पण त्या यादीचं करायचं काय हे त्याला कळत नाही. शिवाय चौथ्या वस्तूपर्यंत पोचताना आपलंच क्रियापद हरवतं. मग 'तपासावं' ऐवजी 'बदलावं' असलं काहीतरी निघून जातं. यावर तोड अशी की यादीच्या आधी तिचा आकडा सांगून मोकळं व्हायचं: "चालकाने चार गोष्टी तपासायच्या." मग यादी वाचत सुटायचं.

पण यादी चारच वस्तूंची आहे हे आधी कसं कळणार? इथे चिनी छपाई मदतीला येते. चिनीत स्वल्पविराम दोन प्रकारचे असतात. एक आपल्यासारखा, वाक्याचे तुकडे पाडणारा. दुसरा तिळाच्या दाण्यासारखा, डावीकडून उजवीकडे खाली कललेला, आणि तो बहुतेक फक्त यादीतल्या वस्तूंच्या मधे येतो. तीळ दिसले की मोजायचे, शेवटच्या वस्तूआधी 'आणि' असेल तर तोही मोजायचा, आणि त्यात एक मिळवायचा. हे अर्ध्या सेकंदाचं काम आहे. पण ते तोंड उघडण्याआधी झालं पाहिजे.

तोंड उघडण्याआधी आणखी काय करायचं, याची माझी पद्धत सांगते. मी नेहमी दोन मिनिटं मागून घेते. लोक देतात. मागितली नाहीत तर मात्र कोणी आपणहून देत नाही. त्या दोन मिनिटांत मी कागद वाचत नाही. आधी तळाशी जाते, कारण चिनी पत्रात पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख खाली उजवीकडे असतात आणि शिक्का त्यांच्यावरच मारलेला असतो. कोण कोणाला बोलतंय हे कळलं की भाषेचा सूर ठरतो. मग आकडे शोधून त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढते. मग लांब वाक्यांत प्रत्येक 'त'च्या पुढच्या नामाभोवती गोल करते, कारण वर्णन कितीही लांबलं तरी गाडी शेवटी त्या स्थानकावर थांबणार असते. शेवटी वाक्य जिथे तोडायचं तिथे उभी रेघ. एवढ्यात दोन मिनिटं संपतात.

आता त्या पत्रातलं मुख्य वाक्य. चिनी अक्षरं इथे न देता ज्या क्रमाने शब्द येतात त्या क्रमाने मराठीत मांडते:

'आमच्या-कंपनीच्या तंत्रज्ञांची जागेवर तपासणी होऊन, आपली-कंपनी गेल्या-वर्षी जूनमध्ये विकत-घेणे-त दोन मोल्डिंग-मशिनं कारण वापरणे-झाले न-जुळणे माहितीपुस्तिकेची अट-त हायड्रॉलिक-ऑइल, घडवणे मुख्य ऑइल-पंप सील नादुरुस्त, न-मोडणे वॉरंटी-कक्षेत, बदलणे सुटे-भाग आणि मजुरी-खर्च एकूण रन्मिन्पी 12.6 वान युआन, कृपया मिळणे हे-पत्र-त्या-दिवसापासून 15 कामाचे-दिवस-आत भरणे, मुदत-उलटणे होणार तूर्त-थांबवणे सर्व तांत्रिक-सेवा.'

शंभरेक अक्षरं, सहा स्वल्पविराम आणि एकच पूर्णविराम. यात लिहिणाऱ्याचा गलथानपणा काही नाही. चिनीत पूर्णविराम वाक्य संपल्यावर येतो असं म्हणण्यापेक्षा विषय संपल्यावर येतो असं म्हणणं जास्त खरं. तोवर स्वल्पविरामांवर भागतं. प्रत्येक तुकड्याचा कर्ता बदलला तरी चालतो आणि बहुतेकदा तो लिहिलेलाच नसतो. पहिल्या तुकड्यात तंत्रज्ञ आहेत, दुसऱ्यात मशिनं, चौथ्यात बिघाड, पाचव्यात खर्च, सहाव्यात तुम्ही, सातव्यात ते. हे सगळं मराठीच्या एका वाक्यात कोंबायला गेलात तर 'ज्यामुळे', 'ज्यांचा', 'ज्यासाठी' यांचं असं जाळं होतं की शेवटचं क्रियापद नेमकं कोणाचं हे वाचणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून पहिला नियम: स्वल्पविरामाला पूर्णविराम करा. त्यांचं एक वाक्य, आपली सात. तुकडे ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने सांगायचे, मागचा तुकडा पुढे ओढायचा नाही. याला चिनी दुभाषे 'शुन-यी' म्हणतात, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने भाषांतर.

तुकडे जोडायला मराठीत चिल्लर भरपूर आहे. 'त्यामुळे', 'म्हणून', 'म्हणणं असं की', 'ही रक्कम', 'नाहीतर'. विशेषतः 'की' फार कामाचा. 'पुरवठादाराने कळवलं आहे की' म्हटलं की अडकलेलं क्रियापद आधीच सुटतं आणि पुढे हवं तेवढं लांब बोलता येतं. दोन-अडीचशे पानी लेखी करार करताना मी 'की' इतका वापरणार नाही, वाचायला तो कंटाळवाणा होतो. कानाला मात्र तो खटकत नाही.

तर त्या वाक्याचं मराठी असं व्हायला हवं होतं:

"आमच्या तंत्रज्ञांनी जागेवर तपासणी केली. गेल्या वर्षी जूनमध्ये तुमच्या कंपनीने विकत घेतलेल्या दोन मोल्डिंग मशिनांत माहितीपुस्तिकेच्या अटींत न बसणारं हायड्रॉलिक ऑइल वापरलं गेलं. त्यामुळे मुख्य ऑइल पंपाचे सील खराब झाले. हे वॉरंटीत येत नाही. नवे सुटे भाग आणि मजुरी मिळून खर्च एक लाख सव्वीस हजार युआन. ही रक्कम पत्र मिळाल्याच्या दिवसापासून कामाच्या 15 दिवसांत भरावी, ही विनंती. मुदत उलटली तर सर्व तांत्रिक सेवा तूर्त थांबवल्या जातील."

'व्हायला हवं होतं' असं मी मुद्दाम लिहिलं. प्रत्यक्षात काय झालं ते पुढे येईलच. आधी आकड्याबद्दल, कारण टेबलावर सगळ्यात आधी माना वर होतात त्या आकड्याला.

चिनी मोजणी चार-चार शून्यांनी पुढे सरकते. हजारानंतर त्यांचा पुढचा टप्पा वान, म्हणजे दहा हजार. दहा हजार वान झाले की एक 'यी', म्हणजे दहा कोटी. इंग्रजीत सांगणाऱ्याला वान आला की मनात गुणाकार करावा लागतो, कारण त्याचे टप्पे तीन शून्यांचे. आपले टप्पे हजारानंतर दोन शून्यांचे, म्हणून आपल्याला एक सोयीची युक्ती मिळते: दहा वान म्हणजे एक लाख, हजार वान म्हणजे एक कोटी, एक यी म्हणजे दहा कोटी. 12.6 वान आले की टिंब एक घर डावीकडे सरकवायचं आणि लाख म्हणायचं. 1.26 लाख, एक लाख सव्वीस हजार. चूक होते ती घाईत वानच्या जागी सरळ 'लाख' बसवल्याने. मग मालकांना 12 लाख 60 हजार युआन ऐकू येतात आणि त्यांचा चहा कपातच राहतो. आकडा बोलून झाला की मी तो कागदावर आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहून सगळ्यांना दाखवते. कान आणि आकडा यांचं फारसं जमत नाही.

आकड्याच्या शेजारचे छोटे शब्दही दगा देतात. चिनीत 'यी-शांग' म्हणजे 'वर', पण त्यात तो आकडा धरलेला असतो. चीनच्या नागरी संहितेत हे स्पष्ट लिहूनच ठेवलं आहे. आपण 'पाचच्या वर' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा सहापासून मोजतो. म्हणून 'पाच किंवा जास्त' म्हणायचं. दुकानाच्या पाटीवर 'आठ झ' असं लिहिलं असेल तर ती 80 टक्के सूट नव्हे, 80 टक्के किंमत द्यायची, म्हणजे सूट 20. एका कोटेशनच्या वेळी मी हे उलटं सांगितलं होतं. खरेदीवाले पाच मिनिटं फार आनंदात होते.

आता एक गोष्ट जी चिनी सोडून इतर भाषांत फारशी भेडसावत नाही. चिनीत शब्दांच्या मधे जागा सोडत नाहीत. सगळी अक्षरं सारख्या अंतरावर. कुठून कुठवर एक शब्द, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. चिनी शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जाणारं उदाहरण नानचिंगच्या पुलाचं. यांगत्से नदीवरचा हा पूल 1968 मध्ये खुला झाला. त्याच्या नावात सात अक्षरं आहेत: नान-चिंग-शृ-छांग-च्यांग-ता-छ्याओ. तिसऱ्या अक्षरानंतर तोडलं तर 'नानचिंग शहर, यांगत्से नदीवरचा मोठा पूल'. चौथ्यानंतर तोडलं तर 'नानचिंगचे महापौर, च्यांग ता-छ्याओ', कारण तिसरं आणि चौथं अक्षर मिळून 'महापौर' होतं. सातच्या सात अक्षरं दिसल्याशिवाय कुठली फोड बरोबर हे कळत नाही. म्हणून डोळा तोंडाच्या पुढे हवा. किती पुढे? सरावलेल्या माणसाचं तोंड एका तुकड्यावर असतं तेव्हा डोळा पुढच्या तुकड्याच्या शेवटाशी असतो. त्याहून फार पुढे पळाला तर बोलणं भरकटतं. मागे राहिला तर महापौर पुलावर येऊन उभे राहतात.

डोळ्याला पुढे जायला वेळ द्यायचा तर तोंडाने हळू चालायचं. नवखे लोक सोपा भाग भरभर म्हणून टाकतात आणि अवघड भागाशी येऊन थांबतात. ऐकणाऱ्याला तो धक्का जाणवतो, आणि थांबलं की सगळ्यांना वाटतं इथेच काहीतरी लपवतायत. त्याऐवजी सोपा भाग मुद्दाम संथ म्हणायचा, तेवढ्यात डोळा पुढचं अवघड उलगडून ठेवतो. थांबायचं तर दोन वाक्यांच्या मधे थांबायचं. तिथली शांतता कोणाला खटकत नाही. वाक्य सुरू केलं की ते संपवायचं, जरा वेडंवाकडं झालं तरी. मागे फिरून 'म्हणजे… नाही, तसं नाही…' करायचं नाही. अपवाद दोनच, आकडा आणि नाव. तिथे चूक झाली तर स्वच्छ 'दुरुस्ती' असं म्हणून पुन्हा सांगायचं.

आणि शब्दच माहीत नसेल तर? त्या पत्रातला 'सील' हा शब्द मला त्या दिवशी पटकन आठवला नव्हता. इथे चिनीचा एक गुण उपयोगी पडतो. जोडशब्दातलं शेवटचं अक्षर बहुतेकदा वस्तूची जात सांगतं. शेवटी 'ची' असेल तर मशीन, 'फेइ' असेल तर खर्च किंवा शुल्क, 'ल्यू' असेल तर दर, 'च्येन' असेल तर सुटा भाग. माझ्यापुढच्या शब्दात तीन अक्षरं होती: घट्ट, बंद आणि च्येन. 'पंपाचा गळती रोखणारा भाग' असं मी म्हटलं आणि काका लगेच म्हणाले, "सील." टेबलावर जो माणूस रोज त्या वस्तूला हात लावतो त्याच्याकडून शब्द घ्यायला लाजू नये. मात्र अंदाज केला असेल तर तो अंदाज आहे हे सांगायचं. मी बोटाने त्या अक्षरांवर खूण करून ठेवते आणि शेवटी म्हणते, "हा शब्द मी पुन्हा तपासून सांगते."

या कामात एक मोठी सवलतही आहे. अक्षराचा अर्थ कळला की पुरे, उच्चार माहीत नसला तरी बिघडत नाही, कारण मोठ्याने मराठी बोलायचं असतं. ही सवलत माणसांच्या नावांशी संपते. एरवी 'तान' वाचलं जाणारं एक अक्षर आडनाव म्हणून आलं की 'शान' होतं, 'छौ' असलेलं दुसरं एक अक्षर 'छ्यौ' होतं. समोर चिनी पाहुणा बसलेला असताना त्याचं आडनाव चुकणं हे कुलकर्णींना 'कुलकरणी' म्हणण्यापेक्षा बरंच वाईट.

सराव कसा करायचा, तेही थोडक्यात. मी औषधांच्या डब्यांतले चिनी कागद आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका मोठ्याने मराठीत वाचते, मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि दुसऱ्या दिवशी मूळ कागद न बघता ऐकते. मूळ समोर असलं की आपण आपल्याला फार सहज माफ करतो. कागद नसताना वाक्य कळलं नाही तर ते कळण्याजोगं नव्हतंच. पहिल्या वर्षी माझ्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द 'म्हणजे' होता.

आता त्या दिवशी काय झालं ते.

पत्रात 'आमची कंपनी' आणि 'आपली कंपनी' असे आदराचे शब्द होते. मराठीत हे दोन्ही घोटाळ्याचे. 'आम्ही' म्हटलं की चाकणच्या ऑफिसात बसलेल्या लोकांना 'आम्ही' म्हणजे आपणच वाटतं. 'आपण' तर त्याहून वाईट, तो आदरार्थी 'तुम्ही'ही होतो आणि सगळ्यांना धरून 'आपण'ही. म्हणून मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "मी 'आम्ही' म्हणेन तेव्हा ते पुरवठादार बोलतायत, आणि तुमच्यासाठी मी 'तुमची कंपनी' म्हणेन." इथवर ठीक. पण 'कारण वापरणे-झाले' या तुकड्याशी आले तेव्हा कर्ता कुठेच नव्हता. चिनीत तो नसला तरी वाक्य पूर्ण असतं. माझ्या तोंडात नुकतंच 'तुमच्या कंपनीने विकत घेतलेल्या' येऊन गेलं होतं. त्याच ओघात मी म्हणाले, "तुम्ही अटींत न बसणारं ऑइल वापरलंत."

मेंटेनन्सचे काका उभे राहिले. "आम्ही? तेल त्यांच्याच माणसाने भरलं! मशीन जोडायला आला होता तेव्हा. मी शेजारी उभा होतो."

मालकांचा चेहरा लाल झाला. मॅनेजरसाहेब मला म्हणाले, "मॅडम, तसंच लिहिलंय का? आमचं नाव घेतलंय?" मी परत कागदाकडे पाहिलं. नाव नव्हतं. कोणाचंच नव्हतं. तो आरोप माझ्या तोंडाने केला होता, पत्राने नव्हे. मराठीत 'वापरलं गेलं' असं म्हणण्याची सोय आहे, थोडी सरकारी वाटते म्हणून आपण टाळतो. कागदाने जागा रिकामी ठेवली असेल तर ती भरायचा हक्क वाचणाऱ्याला नाही, आणि बोलण्याचा ओघ ती हमखास भरून टाकतो. मी "दुरुस्ती" म्हणून वाक्य पुन्हा सांगितलं. तेव्हापासून माझ्या त्या दोन मिनिटांत आणखी एक खूण वाढली. कर्ता नसलेल्या क्रियापदाच्या डोक्यावर मी शून्य काढते.

हेही सांगितलं की मी वाचून दाखवलं म्हणजे भाषांतर झालं असं समजू नका. उत्तर द्यायचं, पैसे भरायचे किंवा वकिलाकडे जायचं तर लेखी भाषांतर करून घ्या. आणि पानभर पत्रापुढे जाऊन कोणी 12 पानी करार 'जरा वाचून दाखवा' म्हणालं तर मी सरळ नाही म्हणते.

मॅनेजरसाहेबांनी पुरवठादाराच्या ऑफिसला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे एक बाई होत्या. त्यांना मी चिनीत विचारलं की तेल कोणी भरलं हे पत्रात नाही. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे नोंद असेल ना, ती वाचा. काका धावत जाऊन मेंटेनन्सचं रजिस्टर घेऊन आले, तेलाचे डाग पडलेलं, आणि बोट ठेवून एक ओळ दाखवली. अक्षर त्यांचंच होतं:

'9 ऑगस्ट. दोन्ही मशीनला तेल भरले. 800 लि.'

मी वाचायला तोंड उघडलं आणि थांबले. काका कानाशी पुटपुटत होते, "त्यांच्या माणसाने, त्यांच्या माणसाने म्हणा." पण ओळीत माणूस नव्हता. मग जे होतं तेच चिनीत म्हटलं. फार सोपं गेलं, चिनीला कर्त्याची गरजच नव्हती. ऑगस्ट नऊ, दोन मशिनं, तेल भरणे, आठशे लिटर.

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्या बाईंनी विचारलं, "शेइ च्या त?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत सांगितलं, "विचारतायत, कोणी भरलं?"